प्रत्येक व्हिडिओसोबत एकपानी डिलिव्हरी शीट: काय लिहावे, कोणी लिहावे आणि केव्हा?

अनघा_संकलन (धागाकर्ती)

नमस्कार. मी पुण्यात व्हिडिओ संकलनाचे काम करते. सध्या एका सामाजिक संस्थेसाठी पारंपरिक धान्यांवर मालिका चालू आहे. आम्ही तिघे मिळून दर महिन्याला आठ व्हिडिओ देतो, आणि ते यूट्यूबवर चढवण्याचे काम संस्थेतली चौथीच व्यक्ती करते. आजवर पद्धत अशी होती की व्हिडिओची फाइल ड्राइव्हवर, स्क्रिप्ट ईमेलमध्ये, शीर्षक व्हॉट्सॲपवर आणि संगीताचे श्रेय माझ्या वहीत. या पद्धतीचे जे व्हायचे ते गेल्या महिन्यात झाले.

अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर आम्ही नाचणीच्या भाकरीचा व्हिडिओ चित्रित केला होता. भाकरी करणाऱ्या आजी जात्यावर बसून ओव्याही म्हणतात. पहिला कट ३ मिनिटे २५ सेकंदांचा होता आणि त्याच्या शेवटी आंबिलीची कृती होती. संस्थेने तो भाग काढायला सांगितला, म्हणून अंतिम कट २ मिनिटे ४० सेकंदांवर आला. वर्णन मात्र पहिल्या कटावरून लिहिलेले होते आणि तेच चढले. त्यात "२:५० आंबील" अशी वेळ दिलेली, म्हणजे व्हिडिओ संपल्यानंतर दहा सेकंदांनी आंबील. प्रेक्षकांनी ते लगेच दाखवून दिले. त्याहून मला लागले ते हे की आजींचे नाव वर्णनात कुठेच नव्हते, कारण ते माझ्या वहीत राहिले होते.

आता मी प्रत्येक व्हिडिओसाठी एकच पान करायचे ठरवले आहे, ज्यात स्क्रिप्ट, शीर्षक, वर्णन, हॅशटॅग, श्रेय आणि थंबनेलचे ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यांसाठी त्याचे शब्दांतले वर्णन, असेल. ज्यांनी असे पान वापरले आहे त्यांनी कृपया सांगावे की ते कोणी आणि कोणत्या टप्प्यावर भरावे.

मंगलक्षण_फिल्म्स

आम्ही सांगलीत लग्नाची शूटिंग करतो. डिलिव्हरी शीट आमच्याकडे पहिल्यापासून आहे. पेनड्राइव्ह किती जीबीचा, अल्बमची पाने किती, बाकी रक्कम किती हे सगळे लिहून वधूपित्याची सही घेतल्याशिवाय पेनड्राइव्ह हातात देऊ नये, असा माझा अनुभव सांगतो. एकदा सही न घेता दिला, तर वरपक्षाने "हळदीचे शूट मिळालेच नाही" असे सांगून पैसे अडवले. तुम्ही सहीचा रकाना नक्की ठेवा.

पडद्यामागचा

मंगलक्षण, तुमची शीट म्हणजे पोहोचपावती आहे. अनघाताई ज्याविषयी विचारत आहेत ते प्रकाशनाचे पान आहे, ज्यावरून दुसरा माणूस जसाच्या तसा मजकूर उचलून चढवणार आहे. तरीही सहीचा मुद्दा मी सोडणार नाही, कारण त्याचे इथेही काम आहे.

मी चौदा वर्षे उपशीर्षके आणि प्रकाशनाचे काम करतो आहे. माझ्या मते तुमच्या चुकीचे मूळ मजकूर चार ठिकाणी विखुरलेला होता यात नाही. तो कोणत्या कटासाठी लिहिला आहे हे त्या मजकुरावर कुठेच नोंदलेले नव्हते, यात आहे. चारही गोष्टी एका पानावर असत्या आणि ते पान पहिल्या कटावरून भरलेले असते, तरी आंबील चढलीच असती, उलट ती अधिक नीटनेटकी दिसली असती. म्हणून पानाच्या अगदी वर, स्क्रिप्टच्याही आधी, दोन गोष्टी लिहा: अंतिम फाइलचे पूर्ण नाव आणि तिची लांबी. उदाहरणार्थ `VR07_nachani_v4_16x9.mp4`, लांबी ०२:४०. चढवणाऱ्याने फाइल उघडून लांबी पाहायची; पानावरची आणि फाइलची लांबी जुळली नाही, तर पुढचे काहीही वाचायचे नाही आणि तुम्हाला फोन करायचा. लांबी सारखी राहून आतला मजकूर बदलणे अशक्य नाही, पण क्वचित होते. तेवढ्यासाठी नावातला आवृत्तीचा आकडा आहे.

दुसरे असे की स्क्रिप्टच्या रकान्यात चित्रीकरणाची स्क्रिप्ट टाकू नका. पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे कट अंतिम ठरल्यावर, कोणीतरी एकाने हेडफोन लावून अंतिम कट ऐकावा आणि प्रत्यक्ष बोलले गेलेले शब्दच पानावर ठेवावेत. तुमच्या २ मिनिटे ४० सेकंदांसाठी ओव्या धरूनही हे तीनशे शब्दांच्या आत बसेल, म्हणजे अर्धा तास पुरेल. पुढे याच मजकुरावरून उपशीर्षकांची एसआरटी फाइल होते, वर्णन लिहिले जाते आणि व्हिडिओच्या भागांच्या, म्हणजे प्रकरणांच्या, वेळा ठरतात. यूट्यूबवर प्रकरणे दिसायला पहिली वेळ ०:०० हवी, किमान तीन वेळांच्या नोंदी चढत्या क्रमाने हव्यात आणि कोणतेही प्रकरण दहा सेकंदांपेक्षा लहान नको. म्हणून वेळा लॉकच्या आधी लिहूच नयेत.

सहीविषयी: संस्थेच्या माणसाने पान वाचून त्यावर तारीख आणि "चढवावे" एवढे लिहावे. नंतर वर्णनात बदल सुचला तर तो आधी पानावर करावा आणि मग यूट्यूबवर करावा. हा क्रम उलटला की महिन्याभरात पान आणि चॅनल यांचा एकमेकांशी संबंध राहत नाही.

टेक्नोबा

इतका घोळ घालण्याची गरज नाही. गूगल शीटमध्ये एक ओळ एक व्हिडिओ असे ठेवले की काम होते. हॅशटॅग तीसेक तयार ठेवावेत आणि प्रत्येक व्हिडिओला तेच चिकटवावेत. शीर्षकाजवळ तसेही जास्तीत जास्त तीनच दिसतात. ऑल्ट टेक्स्ट हे सर्च इंजिनसाठी असते, त्यामुळे तिथे "नाचणी भाकरी रेसिपी मराठी गावरान चूल आरोग्य" असे शोधशब्द भरले की व्हिडिओ वर येतो. आणखी एक, वर्णनाला ५००० अक्षरांची मर्यादा आहे, तेव्हा पूर्ण स्क्रिप्टच वर्णनात टाकून मोकळे व्हा.

पडद्यामागचा

टेक्नोबा, शीर्षकाजवळच्या तीन हॅशटॅगचे तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच तीस ठेवण्याचे कारण मला कळत नाही. साठापेक्षा जास्त झाले तर यूट्यूब त्या व्हिडिओचे सगळेच हॅशटॅग दुर्लक्षित करते. तीस त्या मर्यादेत बसतात, पण आंबील नसलेल्या व्हिडिओवर #आंबील राहून जाण्याचा मार्ग हाच असतो.

५००० च्या बाबतीत मराठी माणसाने सावध राहावे. यूट्यूबच्या एपीआयमध्ये, म्हणजे बाहेरची साधने यूट्यूबशी ज्यातून जोडली जातात त्या व्यवस्थेत, वर्णनाची मर्यादा ५००० बाइट अशी दिलेली आहे. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि मात्रा, हलन्त, अनुस्वार ही प्रत्येकी वेगळी चिन्हे धरली जातात. म्हणजे एपीआयमधून चढवणाऱ्या साधनाने गेलात तर शुद्ध मराठी मजकूर साधारण १६६६ चिन्हांपर्यंतच बसतो. शीर्षकाची मर्यादा १०० अक्षरांची आहे, पण तिथेही "अक्षर" म्हणजे आपण उच्चारतो ते अक्षर नव्हे. "भाकऱ्या" हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या हिशेबात तो भ, काना, क, ऱ, हलन्त, य, काना असा सात चिन्हांचा आहे. "नाचणीच्या भाकऱ्या आणि जात्यावरची ओवी" हे शीर्षक मोकळ्या जागांसह ३६ भरते. गूगल शीटमध्ये `=LEN(B3)` लिहिले की हा आकडा मिळतो. वर्णनाचे बाइट पाहायचे असतील तर मजकूर एका साध्या फाइलमध्ये ठेवून हे चालवावे:

```
python3 -c "s=open('varnan.txt',encoding='utf-8').read(); print(len(s), len(s.encode('utf-8')))"
```

पहिला आकडा चिन्हांचा, दुसरा बाइटचा. शिवाय शीर्षकात आणि वर्णनात `<` आणि `>` ही चिन्हे चालत नाहीत. स्क्रिप्टमध्ये "<जात्याचा आवाज>" असे लिहिण्याची अनेकांना सवय असते. वर्णनात मजकूर नेताना तो तिथेच अडतो.

श्रवणवाचक

मी जन्मापासून अंध आहे आणि संगणकावर एनव्हीडीए तर फोनवर टॉकबॅक ही पडद्यावरचे वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर वापरतो, म्हणून ऑल्ट टेक्स्टविषयी लिहितो. टेक्नोबा, तुम्ही सुचवलेले शब्द माझ्या कानावर पडतात तेव्हा मला फक्त एवढेच कळते की कोणीतरी शोधयंत्राशी बोलत होते. चित्रात भाकरी आहे की भाकरीचे पीठ, हे त्यातून कळत नाही.

अनघाताई, एक गैरसमज आधीच दूर व्हावा. ऑल्ट टेक्स्ट हे स्थिर चित्राचे असते, व्हिडिओचे नसते. यूट्यूबवर थंबनेलसाठी त्याचा रकानाच नाही. ते उपयोगी पडते ते संस्थेच्या संकेतस्थळावर थंबनेल चित्र म्हणून लावतात तिथे, किंवा समाजमाध्यमांवर ते चित्र वेगळे टाकतात तिथे. संकेतस्थळावर यूट्यूबची चौकट थेट बसवली असेल, तर तिला `title` लागते, `alt` नव्हे. त्या जागी व्हिडिओचे शीर्षक लिहिले तरी पुरे. म्हणून पानावर "ऑल्ट टेक्स्ट" एवढेच न लिहिता ते कुठे जाणार आहे हेही लिहावे, नाहीतर चढवणारी व्यक्ती रकाना शोधत बसेल आणि शेवटी ते वर्णनाच्या तळाशी टाकेल. हे मी प्रत्यक्ष ऐकले आहे.

लिहिताना "हे चित्र आहे" अशी सुरुवात नको, कारण वाचक-सॉफ्टवेअर ते आधीच सांगते. थंबनेलवर मोठ्या अक्षरांत काही लिहिलेले असेल तर ते शब्द जसेच्या तसे यायला हवेत, कारण माझ्यासाठी ते रंगाचे डाग आहेत. शेजारीच छापलेले शीर्षक पुन्हा लिहू नये, मला ते दोनदा ऐकावे लागते. आणि पानाची भाषा मराठी आहे हे संकेतस्थळाच्या कोडमध्ये `lang="mr"` असे नोंदलेले नसेल, तर तुमचे सुंदर मराठी वाक्य इंग्रजी आवाजाच्या हाती सापडू शकते. पण ते काम संकेतस्थळवाल्यांचे आहे.

तुमचा व्हिडिओ मी ऐकला असावा असे वाटते, कारण त्यात एक ओळ आहे: "आता यात एवढे पाणी घालायचे." एवढे म्हणजे किती? आजींच्या हातातला तांब्या तुम्हाला दिसला, मला दिसला नाही. ही उणीव कोणत्याही ऑल्ट टेक्स्टने भरून निघत नाही. स्क्रिप्ट पानावर उतरवताना "एवढे", "असे", "इथे" या शब्दांखाली रेघ मारा. निवेदन पुन्हा ध्वनिमुद्रित करणे शक्य असेल तर तिथे माप सांगा.

अनघा_संकलन

श्रवणवाचक, तो व्हिडिओ आमचाच आहे. स्क्रिप्ट काढून पाहिली. निवेदनात "एवढे" दोनदा आणि "असे" पाच वेळा आले आहे. निवेदन आमच्याच घरी होते, त्यामुळे पुढच्या व्हिडिओपासून हे सुधारता येईल. थंबनेलसाठी मी असे लिहिले आहे: "चुलीवरच्या तव्यावर फुगलेली नाचणीची भाकरी, शेजारी परातीत पीठ मळणारे वृद्ध हात. चित्रावरचा मजकूर: पीठ उकडीचे की थंड पाण्यातले?" हे चालेल का?

श्रवणवाचक

चालेल. "वृद्ध" हा शब्द राहू द्या, त्याने चित्र उभे राहते.

कोंकणकडा

हॅशटॅगविषयी एक बारीक गोष्ट, जी मला आमच्या गावच्या पानावर काम करताना सापडली. "भाकऱ्या" मधला तो चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे टंकता येतो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळे अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह घेतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण पहिल्यात सात चिन्हे आहेत आणि दुसऱ्यात आठ. त्यामुळे #भाकऱ्या हा एकाच रूपाचा हॅशटॅग संगणकाच्या दृष्टीने दोन वेगवेगळे शब्द ठरतो. आमच्याकडे दोघेजण दोन फोनवरून टंकत होते आणि "आपले अर्धे व्हिडिओ हॅशटॅगवर का दिसत नाहीत" यावर आठवडाभर वाद झाला.

पडद्यामागचा

कोंकणकडा यांनी नेमके सांगितले. आणि हा फरक युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही मिटत नाही. गूगल शीटमध्ये हॅशटॅग B5 मध्ये असतील तर शेजारच्या रकान्यात हे सूत्र ठेवले की सगळे एका रूपात येतात, आणि तिथूनच उचलावेत:

```
=SUBSTITUTE(B5,"र्"&UNICHAR(8205),"ऱ्")
```

माझा सोपा उपाय मात्र असा आहे की हॅशटॅगमध्ये असे शब्दच टाळावेत. #भाकरी या एकवचनाने काही बिघडत नाही. जोडून लिहिलेले चार-चार शब्दही टाळावेत, कारण रोमन लिपीत निदान मोठे अक्षर घालून शब्द वेगळे दाखवता येतात, देवनागरीत ती सोय नाही. दोन शब्द हवेच असतील तर #नाचणीची_भाकरी असे अधोरेखा घालून लिहावे.

ज्यांचे लेखक अजून डीटीपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये स्क्रिप्ट टंकून देतात, त्यांनी ती पानावर घेण्याआधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून पुन्हा वाचावी. रूपांतरात सर्वांत आधी मोडतो तो रफार.

आता श्रेयाकडे येतो, कारण अनघाताईंना लागलेली गोष्ट तीच आहे. तुमच्या व्हिडिओत संगीत कुठले आहे?

अनघा_संकलन

सुरुवातीची वीस सेकंदे एक तंतुवाद्याची धून आहे, परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा CC BY 4.0. आणि नाचणीच्या शेताचा एक फोटो विकिमीडिया कॉमन्सवरून घेतला आहे, त्याचा परवाना CC BY-SA 4.0 असा आहे. बाकी ओव्या आजींच्या.

पडद्यामागचा

धुनेसाठी रचनाकाराचे नाव त्याने दिले आहे तसे, मूळ पानाचा दुवा, परवान्याचे नाव आणि दुवा, आणि तुम्ही ती कापली असल्यामुळे "लांबी कमी केली आहे" असे एक वाक्य, एवढे हवे. हे शेवटचे वाक्य जवळजवळ सगळेच विसरतात.

फोटोचा प्रश्न अधिक नाजूक आहे. SA म्हणजे त्यावरून रूपांतरित कृती केली तर तिलाही तोच परवाना द्यावा लागतो. संगीताच्या बाबतीत परवान्यात स्पष्टच म्हटले आहे की चलचित्राशी वेळेनुसार जुळवलेले संगीत ही रूपांतरित कृतीच होय. म्हणजे तुमची धून SA असती तर संपूर्ण व्हिडिओ त्या परवान्याखाली आला असता, आणि "सर्व हक्क संस्थेकडे" असा तुमचा करार असेल तर दोन्ही एकत्र टिकले नसते. फोटो मात्र जसाच्या तसा चार सेकंद दाखवला तर व्हिडिओ ही रूपांतरित कृती होते की नुसता संग्रह, यावर मतभेद आहेत. मी स्वतः अशा जागी SA फोटो वापरत नाही.

टेक्नोबा

चार सेकंदांच्या फोटोसाठी कोणी न्यायालयात जात नाही. मी अनेक वर्षे वापरतो आहे.

पडद्यामागचा

कोणी जात नाही हे खरे असेल. पण श्रेयाची ओळ लिहायला एक मिनिट लागतो आणि नंतर काढलेला व्हिडिओ पुन्हा चढवला की त्याची जुनी दर्शकसंख्या परत येत नाही, एवढाच माझा हिशेब आहे. फोटोच्या मुद्द्यावर आपण असहमत राहू.

आजींविषयी: ओव्या पारंपरिक आहेत, त्यामुळे शब्दांवर कोणा एकाचा हक्क नाही, पण गायन त्यांचे आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराला आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे असा हक्क मिळाला आहे. म्हणून "ग्रामस्थांचे आभार" ही ओळ पुरेशी नाही. नाव कसे लिहायचे हे त्यांनाच विचारावे आणि चित्रीकरणाच्या दिवशीच पानावर उतरवावे. श्रेयाचा रकाना हा एकच रकाना पिक्चर लॉकची वाट न पाहता भरायचा असतो.

शेवटचा एक भाग राहिला. तुम्ही याच व्हिडिओची उभी, शॉर्ट्ससाठीची आवृत्ती करत असाल, तर ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या वर्णनातले दुवे दाबून उघडत नाहीत. श्रेय तरीही द्यायचे आहेच, म्हणून तिथे दुव्यावर विसंबून न राहता नावे आणि परवाना पूर्ण शब्दांत लिहावा.

कोंकणकडा

मग उभ्या आवृत्तीसाठी वेगळे पान करायचे का? आम्ही एकाच पानावर खाली दुसरा चौकोन करतो, पण मग चढवणारा हमखास वरचेच वर्णन उचलतो.

पडद्यामागचा

मी वेगळे पान करतो. माझ्या सहकारी मात्र एकाच पानावर ठामपणे अडून आहेत, आणि त्यांच्याकडून चुका माझ्यापेक्षा जास्त होतात असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

मंगलक्षण_फिल्म्स

आता मला समजले तुम्ही कशाबद्दल बोलत आहात. आमच्याकडे सनईवाल्यांचे नाव आजवर एकाही व्हिडिओत गेलेले नाही. पुढच्या लग्नापासून विचारून लिहीन. बाकी रकमेचा रकाना मात्र मी काढणार नाही.

अनघा_संकलन

सर्वांचे आभार. काल वरईच्या व्हिडिओसाठी पहिले पान भरले. वर फाइलचे नाव आणि लांबी, त्याखाली श्रेय, मग ऐकून उतरवलेली स्क्रिप्ट, शीर्षक, वर्णन, तीन हॅशटॅग आणि "फक्त संकेतस्थळासाठी" असे लिहून ऑल्ट टेक्स्ट. पहिल्याच वेळी उपयोग झाला: चढवणाऱ्या ताईंनी फोन करून विचारले की पानावर ०३:०५ आहे आणि फाइल ०३:११ कशी? मी शेवटची नामावली लांबवून फाइल नव्याने काढली होती आणि पान बदलायला विसरले होते.

नाचणीच्या व्हिडिओचे जुने वर्णनही दुरुस्त करण्यासाठी आजींना फोन केला आणि नाव कसे लिहू असे विचारले. त्यांनी सासरचे नाव सांगितले, आणि मग म्हणाल्या की ओव्या त्यांच्या आईच्या आहेत, तेव्हा आईचे नाव आणि माहेरच्या वाडीचे नावही लिहावे. तसे लिहिले. आता पान दोन ओळींनी दुसऱ्या पानावर गेले आहे. अक्षर लहान करावे की वर्णन कापावे, यावर आमच्यात काल संध्याकाळपासून चर्चा चालू आहे.